व्हिजिटिंग कन्सल्टंटने हॉस्पिटल सोडताना: आधी पेशंट, मग रिपोर्ट, कार्ड सगळ्यात शेवटी

आठवड्यातून दोन दिवस ओपीडी, अधूनमधून वॉर्डातले रेफरन्स, महिन्यातून दोन-तीन ऑन-कॉल. व्हिजिटिंग फिजिशियनचं हॉस्पिटलशी नातं एवढंच असतं, त्यामुळे सोडणंही सोपं वाटतं: पत्र दिलं, कार्ड दिलं, झालं. गडबड होते ती नेमकी इथे. फुल-टाइम डॉक्टर गेला की त्याच्या युनिटमध्ये मागे रजिस्ट्रार असतो, दुसरा कन्सल्टंट असतो. व्हिजिटिंग डॉक्टरच्या मागे बहुतेकदा कोणीच नसतं. त्याच्या नावाने पाठवलेली तपासणी त्याच्याच इनबॉक्समध्ये येते, आणि लॉगिन बंद झालं की तो इनबॉक्स उघडणारा माणूस उरत नाही.

म्हणून या लेखातला क्रम उलट्या बाजूने लावलेला आहे. शेवटचा रिपोर्ट कधी येणार ते आधी शोधायचं आणि तिथून मागे येत तारखा ठरवायच्या. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू: सोमवार आणि गुरुवारची ओपीडी असलेले एक फिजिशियन, करारात दोन महिन्यांची नोटीस, शेवटचा दिवस ३० जून.

एक नव्हे, चार तारखा

पत्रात लोक एकच तारीख लिहितात आणि ऑफिस ती सगळ्याला लावून टाकतं. मग ३० जूनच्या सकाळी तुमच्या नावावर नवा पेशंट दाखल होतो आणि १ जुलैला त्याचा डॉक्टर कोण, हे नर्सिंग स्टेशनला सांगता येत नाही. करार काढा, नोटीस किती आणि ती कोणाला द्यायची ते वाचा, आणि मेडिकल डायरेक्टरला दिलेल्या पत्रात चार तारखा वेगवेगळ्या लिहा.

आपल्या उदाहरणात त्या अशा बसतात. शेवटचं नवं ॲडमिशन १८ जून. म्हणजे दाखल झालेल्यांपैकी बहुतेक जण महिनाअखेरीपर्यंत घरी जातात आणि राहिलेल्यांचा ताबा देता येतो. शेवटचा ऑन-कॉल २२ जून. शेवटची ओपीडी गुरुवारी, २६ जूनला. आणि अधिकृत शेवट ३० जून. मधले चार दिवस सह्या, राहिलेले कागद आणि हँडओव्हर यांसाठी मोकळे ठेवायचे. हे दिवस नसले तर डिस्चार्ज समऱ्या अर्धवट राहतात. अनेक ठिकाणी एचआरने शेवटची तारीख भरली की त्या मध्यरात्री लॉगिन आपोआप बंद होतं, आणि त्यानंतर तुमची डिजिटल सही कोणालाच करता येत नाही.

पत्राची पोच तारखेसह घ्या. त्याच दिवशी एक विनंतीही लेखी करून टाका: पुढे एखादी तक्रार किंवा कायदेशीर नोटीस आली तर त्या पेशंटची केस फाइल पाहायला मिळावी. सोडून गेल्यावर हे मागणं फार अवघड जातं.

व्यावसायिक विम्याचंही आत्ताच बघा. पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ प्रकारची असेल तर उपचार केले तेव्हा ती चालू होती एवढं पुरत नाही. दावा दाखल होतानाही संरक्षण चालू असावं लागतं. संरक्षण हॉस्पिटलच्या पॉलिसीतून मिळत असेल तर मागच्या कामासाठी मुदतवाढ कोण घेणार, हे ठरवून मगच निघा.

यादी कशी काढायची

मेडिकल रेकॉर्ड विभागाकडे किंवा आयटीकडे दोन याद्या मागा: गेल्या सहा महिन्यांत तुमच्या ओपीडीत आलेले सगळे आणि गेल्या तीन महिन्यांत तुमच्या नावाने डिस्चार्ज झालेले सगळे. दुसरी यादी लोक विसरतात. डिस्चार्ज समरीच्या साच्यात फॉलो-अपची ओळ तुमच्या नावाने आपोआप छापली जाते आणि तो कागद पेशंटच्या घरी असतो. तो माणूस जुलैमध्ये तुमचं नाव घेऊन काउंटरवर उभा राहणार.

तिसरी यादी पुढच्या अपॉइंटमेंटची. सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरला ‘इनॲक्टिव्ह’ केलं की काही ठिकाणी पुढच्या तारखा नुसत्या नाहीशा होतात. ना पेशंटला मेसेज जातो, ना काउंटरला काही दिसतं. तुमचं नाव बंद होण्याआधी ही यादी छापून घ्यायलाच हवी.

आपल्या उदाहरणात तिन्ही याद्या जोडून, दुबार नावं काढून २१२ पेशंट उरले असं धरू. सगळ्यांना सारखी मेहनत देण्यात अर्थ नाही. प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न विचारायचा: या माणसाला पुढचे दोन महिने कोणीच पाहिलं नाही तर काय होईल? उत्तर ‘फार काही नाही’ असेल तर तो हिरवा. ‘त्रास वाढेल, औषध संपेल’ असेल तर पिवळा. ‘नुकसान होईल आणि कदाचित कळणारही नाही’ असेल तर लाल. समजा लाल ९ निघाले, पिवळे ४६, बाकी १५७ हिरवे.

लालमध्ये कोण येतं? हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. ब्लडप्रेशर आणि मधुमेह बरीच वर्षं स्थिर असलेला पेशंट हिरवाच. पण त्याच पेशंटचं एसीई इनहिबिटर गेल्या आठवड्यात सुरू केलं असेल तर एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहावं लागतं, आणि ती तारीख तुमच्या जाण्याच्या दिवसांत येत असेल तर तो लाल. वॉरफरिनवर असून आयएनआर अजून जागेवर न आलेला, लाल. स्टिरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू आहे आणि डोस उतरवायचा आहे, लाल. कारण गोळ्या संपल्या आणि त्याने त्या एकदम बंद केल्या, तर ॲड्रिनल ग्रंथी वेळेवर साथ देत नाहीत आणि माणूस लो बीपी घेऊन कॅज्युअल्टीत येतो. थायरॉक्सिनचा डोस बदलला असेल तर टीएसएच साधारण सहा आठवड्यांनी करायचा असतो. तो थोडा पुढेमागे झाला तरी बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, म्हणून तो पिवळा.

मेथोट्रेक्सेटवर असलेला प्रत्येक पेशंट मात्र लालच धरावा, स्थिर असला तरी. सांधेदुखीसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. नव्या हाताखाली चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते तेव्हा ‘आठवड्यातून एकदा’चं ‘रोज एकदा’ होतं, आणि ती चूक अस्थिमज्जेवर उतरून जिवावर बेतू शकते. हँडओव्हरमध्ये नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ लिहू नका, वारासह लिहा: दर रविवारी, एकदाच.

रिपोर्ट यायचे बाकी आहेत त्यांचं काय

ही यादी पेशंटच्या यादीहून वेगळी असते आणि लॅबकडूनच घ्यावी लागते. तुमच्या नावाने पाठवलेल्या पण फायनल न झालेल्या सगळ्या तपासण्या मागा: कल्चर, बायोप्सी, बाहेरच्या लॅबला गेलेले नमुने. ओपीडीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ही यादी दर चार दिवसांनी नव्याने घ्या, कारण त्या दिवसांतही तुम्ही तपासण्या लिहीतच असता.

सगळ्यात लांबची शेपटी टीबी कल्चरची असते. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणून बंद करायला ४२ दिवस लागतात आणि घन माध्यमावर आठ आठवडे. आपल्या उदाहरणात १९ जूनच्या ओपीडीतल्या एका पेशंटच्या छातीतलं पाणी लिक्विड कल्चरला गेलं. त्याचा अंतिम रिपोर्ट ३१ जुलैला येणार, म्हणजे डॉक्टर गेल्यानंतर ३१ दिवसांनी. मधेच जंतू वाढले तर कळवणारा फोनही तुमच्याच नंबरवर येणार.

लॅबला ‘मला कळवा’ सांगून हे सुटत नाही. तुमचे ॲडमिटिंग राइट्स संपलेले असतात, औषध सुरू करायचा अधिकार नसतो, आणि खासगी फोनवर पेशंटचा रिपोर्ट येणं हा गोपनीयतेचाही प्रश्न आहे. योग्य मार्ग दोन भागांचा आहे. पहिला, त्या नमुन्याच्या नोंदीत रिक्वेस्टिंग डॉक्टरचं नाव बदलून ताबा घेणाऱ्या डॉक्टरचं करायला लॅबला लेखी सांगा. दुसरा, तुमचा पूर्ण रिझल्ट इनबॉक्स त्या डॉक्टरकडे वळवायला आयटीला सांगा. एकच भाग केला तर छिद्र राहतं: लॅबमध्ये नाव बदललं पण क्रिटिकल व्हॅल्यूचा फोन जुन्या नंबरवर, किंवा इनबॉक्स वळवला पण छापील रिपोर्ट जुन्या कप्प्यात. काम झालं की नाही हे तपासायला सोपी खूण आहे: नाव बदलल्यावर येणारा पहिला रिपोर्ट नव्या डॉक्टरच्या स्क्रीनवर दिसला का, हे त्यांनाच विचारा. ‘आयटीने केलं म्हणून सांगितलं’ ही खूण नव्हे.

ताबा देणं म्हणजे ताबा घेतलेला असणं

मेडिकल डायरेक्टरने ‘डॉ. अमुक बघतील’ म्हटलं म्हणून ताबा गेला असं होत नाही. त्या डॉक्टरने नावांनिशी ‘घेतले’ असं लिहून द्यायला हवं. पूर्ण २१२ नावांची एक्सेल फाइल ईमेलने पाठवली तर ती कोणी वाचत नाही, आणि वाचली नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही. लाल नऊंसाठी प्रत्येकी सहा-सात ओळींची नोंद करा आणि ती त्यांच्यासमोर बसून किंवा फोनवर वाचून दाखवा. पिवळ्यांसाठी एक-एक ओळ पुरते. हिरव्यांसाठी फाइल पुरेशी आहे.

लाल नोंद कशी असावी, त्याचा नमुना:

‘वय ५८, पुरुष. उजव्या बाजूला प्लुरल इफ्यूजन. १९ जूनला टॅप केलं. कॅन्सर पेशी नाहीत, टीबी कल्चर बाकी, अंतिम रिपोर्ट ३१ जुलै. टीबीची औषधं सुरू केलेली नाहीत. १० जुलैला छातीचा एक्स-रे आणि ओपीडी. ताप परत आला किंवा पाणी वाढलं तर कल्चरसाठी न थांबता पुन्हा टॅप आणि प्लुरल बायोप्सीचा विचार. फोन २४ जूनला लावून पाहिला, मुलगी उचलते, वडिलांना कमी ऐकू येतं.’

यातल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. काय सुरू केलेलं *नाही*, हे लिहिलं आहे. नाहीतर नवा डॉक्टर कल्चरचा उल्लेख वाचून औषधं चालू असतील असं धरून चालतो. आणि फोन खरंच लावून पाहिलेला आहे. रजिस्ट्रेशनच्या वेळी दिलेला नंबर बऱ्याचदा आणणाऱ्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा असतो.

फोनवर हँडओव्हर करताना समोरच्याला परत म्हणायला लावा. संभाषण साधारण असं व्हावं:

“मॅडम, चौथा पेशंट. प्रेडनिसोलोन आत्ता ३० मिलीग्रॅम, दर आठवड्याला ५ने उतरवायचं. पुढची कपात ३ जुलैला.”

“म्हणजे ३ जुलैपासून २५. आणि मी त्यांना कधी बघतेय?”

“३ जुलैलाच, तुमच्या ओपीडीत साडेदहाचा स्लॉट घेतलाय. गोळ्या त्यांच्याकडे ५ जुलैपर्यंतच्या आहेत, मुद्दाम दोन दिवस जास्तीच्या.”

“ठीक आहे सर, घेतला.”

‘घेतला’ हा शब्द आला की नोंदीसमोर तारीख आणि वेळ टाका. संध्याकाळी ती यादी त्यांना ईमेल करा आणि प्रत मेडिकल डायरेक्टरला. ईमेल हॉस्पिटलच्या अधिकृत पत्त्यावरूनच पाठवा.

पेशंटला काय सांगायचं

लाल आणि पिवळ्यांना फोन, हिरव्यांना मेसेज. मजकूर हॉस्पिटलकडून मंजूर करून घ्या, कारण तो त्यांच्या नावाने जाणार आहे. साधा मजकूर पुरतो:

‘डॉ. (नाव) यांची या हॉस्पिटलमधली ओपीडी २६ जूननंतर होणार नाही. तुमची पुढची तपासणी (तारीख) रोजी डॉ. (नाव) करतील. औषधं आपल्या मनाने बंद करू नका. तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असल्यास केस पेपर आणि रिपोर्टच्या प्रती रेकॉर्ड विभागातून मिळतील.’

शेवटचं वाक्य ऑफिसला आवडत नाही, तरी ते ठेवायचा आग्रह धरा. डॉक्टर निवडायचा हक्क पेशंटचा आहे. उलट बाजूने, तुम्ही आता कुठे बसता हे मेसेजमध्ये घालण्याआधी करार वाचा. पेशंटना स्वतःकडे वळवू नये अशी अट पुष्कळदा असते. पेशंटने स्वतः विचारलं तर खरं ते सांगायला सहसा अडचण नसते. पण हॉस्पिटलच्या यादीवरून सगळ्यांना आपल्या नव्या जागेचा मेसेज पाठवणं हे करारातही बसत नाही आणि गोपनीयतेतही. तीच गोष्ट नोंदींची. तुमच्या अक्षरातले असले तरी केस पेपर हॉस्पिटलच्या ताब्यातले असतात. त्यांचे फोटो फोनमध्ये घेऊन बाहेर पडू नका.

औषधांची चिठ्ठी लिहिताना शेवटच्या ओपीडीत एक हिशेब करा: गोळ्या पुढच्या डॉक्टरच्या तारखेच्या दोन-तीन दिवस पुढे पुरायला हव्यात. ‘एक महिना’ असं सवयीने लिहिलं आणि नवी अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी असली, तर मधला आठवडा पेशंट गोळ्यांशिवाय काढतो.

आणि तुमचं नाव कुठे कुठे चिकटलंय ते शोधा: कॅज्युअल्टीतला ऑन-कॉल तक्ता, ऑपरेटरच्या काचेखालचा कागद, वेबसाइट, डिस्चार्ज समरीचा साचा. ऑपरेटरच्या काचेखालचा कागद सगळ्यात उशिरा बदलतो. १ जुलैच्या रात्री दोन वाजता फोन येतो तो त्याच्यामुळेच.

कार्ड आणि लॉगिन

आता कार्ड. नवख्यांची समजूत अशी की कार्ड परत दिलं म्हणजे प्रवेश बंद झाला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लास्टिकचं कार्ड सिक्युरिटीकडे जमा होतं. दार उघडायची परवानगी ॲक्सेस कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती तिथे कोणीतरी बंद करावी लागते. कार्ड घाईत रिसेप्शनवर किंवा ओपीडीच्या सिस्टरकडे दिलं, तर ते ड्रॉवरमध्ये चालू अवस्थेत पडून राहतं. मग एखाद्या दिवशी कोणीतरी ते औषधांच्या खोलीला लावतं आणि दाराच्या नोंदीत तुमचं नाव उमटतं.

त्यामुळे ३० तारखेला कार्ड स्वतः सिक्युरिटी ऑफिसमध्ये न्या. आधी त्यांना सॉफ्टवेअरमधून बंद करायला सांगा. मग तेच कार्ड घेऊन एखाद्या दारापाशी जा आणि रीडरला लावून बघा. लाल दिवा लागला, दार उघडलं नाही, की काम झालं. शक्य असेल तर दोन दारं तपासा, त्यातलं एक आयसीयूचं. काही हॉस्पिटलांमध्ये मुख्य इमारत आणि आयसीयू वेगवेगळ्या सिस्टिमवर असतात आणि एकीकडे बंद केलेलं कार्ड दुसरीकडे हिरवा दिवा दाखवतं. तपासून झालं की कार्ड द्या आणि पावती घ्या. पावतीवर कार्डाच्या मागे छापलेला नंबर, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही हवी. ‘एक कार्ड मिळालं’ एवढीच पावती कामाची नाही. मधे कधी कार्ड हरवून दुसरं घेतलेलं असलं, तर जुनं अजून चालू असण्याची शक्यता असते. तुमच्या नावावर किती कार्डं दिसतात ते स्क्रीनवर बघूनच उठा.

कार्डासोबत परत द्यायच्या बारीकसारीक वस्तू राहून जातात: पार्किंगचा टॅग, लॉकरची आणि ओपीडीच्या खोलीची किल्ली, हॉस्पिटलचा फोन किंवा सिम, रबरी शिक्का, छापील प्रिस्क्रिप्शन पॅड, क्ष-किरणांजवळ काम असेल तर डोसिमीटर बॅज. यातला शिक्का आणि पॅड धोक्याचे. मागे राहिलेल्या पॅडवर तुमच्या नावाने चिठ्ठी लिहिता येते, म्हणून कोरी पानं मोजून जमा करा. बायोमेट्रिक हजेरी असेल तर ठसा काढून टाकल्याची खात्री करा.

लॉगिनचा क्रम मात्र कार्डाच्या आधी लावावा लागतो. २७ ते २९ जून या दिवसांत सह्या बाकी असलेल्या समऱ्या, तोंडी दिलेल्या ऑर्डर, विम्याचे फॉर्म संपवा. रेकॉर्ड विभागाकडून ‘काहीही प्रलंबित नाही’ असा कागद घ्या. नो-ड्यूजला आणि राहिलेल्या मानधनालाही तोच लागतो. त्यानंतरच आयटीला बंद करायला सांगा, आणि सांगताना प्रत्येक सिस्टिमचं नाव घ्या: मुख्य हॉस्पिटल सॉफ्टवेअर, एक्स-रे आणि स्कॅन पाहायचं व्ह्यूअर, लॅबचं पोर्टल, घरून जोडायचं व्हीपीएन, टेलिकन्सल्टेशनचं ॲप, ईमेल. तुमच्या फोनवर स्कॅनचं ॲप आधीपासून लॉगिन असलं तर पासवर्ड बदलल्यावरही काही वेळा ते चालू राहतं. स्वतः लॉगआउट करा, ॲप काढून टाका, आणि वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडून त्यातले फोटोही फोनमधून पुसून टाका.

ईमेलला ‘मी आता इथे नाही, पेशंटबद्दल डॉ. अमुक यांना कळवा’ असं आपोआप जाणारं उत्तर महिना-दोन महिने लावून ठेवायला सांगा. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर वळवून घेऊ नका. सोयीचं वाटतं, पण मग त्या रिपोर्टची माहिती तुमच्याकडे पोचली होती असाच अर्थ निघतो.

एवढं झाल्यावर डायरीत दोनच नोंदी उरतात. १० जुलैला नव्या डॉक्टरला फोन: ५८ वर्षांचे ते गृहस्थ एक्स-रेला आले होते का. आणि ३१ जुलैला दुसरा: कल्चरचा रिपोर्ट तुमच्या स्क्रीनवर आला का. रिपोर्टमध्ये काय आहे ते विचारायचं नाही, आला की नाही एवढंच.